तागा, पट्टा आणि कातरण : कापून निघणाऱ्या नगाची खरी किंमत

कापड मीटरवर विकत मिळते, पण त्यातून बनवलेली वस्तू नगावर विकली जाते. कापणीच्या हिशेबातला सगळा घोळ मीटर आणि नग यांच्यामध्ये होतो. वीस मीटरच्या ताग्याचे चौरस मीटर काढायचे, एका नगाच्या क्षेत्रफळाने भागायचे आणि येईल तो आकडा नगांचा धरायचा, ही पद्धत कागदावर बिनचूक दिसते. प्रत्यक्षात ताग्याचे काठ कापून टाकावे लागतात, दोन्ही टोके सरळ करावी लागतात, शिवणीसाठी माया सोडावी लागते, पन्ह्यात अर्धा नग बसत नाही आणि विणीतला दोष नेमका नगाच्या मध्यावर येतो. म्हणून वापरता येईल अशा एका नगाची किंमत काढताना वर संपूर्ण ताग्याचा खर्च आणि खाली फक्त चांगले निघालेले नग, एवढाच भागाकार खरा. कठीण काम आहे ते खालचा आकडा कापणीच्या आधी ठरवण्याचे.

हे समजून घ्यायला मराठवाड्यात एक उत्तम उदाहरण आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात आणि त्यांच्यासाठी लागणारी खादी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात विणली जाते. ध्वजाचे काम या हिशेबासाठी विशेष उपयोगी आहे, कारण इथे मापात सवलत नाही. सदरा दोन सूत आखूड झाला तरी विकला जातो. ध्वजाची लांबी-रुंदी ३:२ या प्रमाणातच असावी लागते आणि सुती खादीच्या ध्वजासाठी भारतीय मानक आय.एस. १ याने मापे ठरवून दिली आहेत. सर्वांत मोठा ध्वज ६३०० × ४२०० मिलिमीटरचा, सर्वांत लहान १५० × १०० मिलिमीटरचा, आणि एकूण मापे नऊ. केशरी, पांढरा आणि हिरवा हे तिन्ही पट्टे सारख्याच रुंदीचे, पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध चोवीस आऱ्यांचे निळे अशोकचक्र, तेही दोन्ही बाजूंनी दिसणारे. प्रत्येक मापाच्या ध्वजासाठी चक्राचा व्यासही ठरलेला आहे.

यातले ९०० × ६०० मिलिमीटरचे, म्हणजे साधारण तीन फूट बाय दोन फुटांचे माप उदाहरणासाठी घेऊ. ध्वजाची मापे मानकातली आहेत. पन्हा, माया, दर आणि खराबीचे आकडे मात्र हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे ते बदलतील.

तयार ध्वजातला एक पट्टा ९०० मिलिमीटर लांब आणि २०० मिलिमीटर रुंद असतो. कापताना तो याहून मोठा घ्यावा लागतो. वरच्या आणि खालच्या कडेला शिवणीसाठी पंधरा-पंधरा मिलिमीटर माया धरली तर रुंदी २३० होते. फडकत्या टोकाची दुमड आणि दोरीच्या बाजूची शिवण मिळून लांबीत ४० मिलिमीटर वाढतात, म्हणजे लांबी ९४०. पहिली गळती इथेच आहे. तयार पट्ट्याचे क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर, कापलेल्या पट्ट्याचे ०.२१६२. पाचवा हिस्सा कापड वाढले, आणि ते कातरणात कुठेही दिसत नाही. ते ध्वजाच्या आतच दुमडलेले असते. कातरणाचा ढीग पाहून नासाडीचा अंदाज बांधणाऱ्याच्या नजरेतून माया हमखास सुटते.

आता तागा. रंगवून, धुऊन आलेला २० मीटर लांबीचा आणि ९२० मिलिमीटर पन्ह्याचा तागा घेऊ. दर मीटरला २०० रुपये धरला तर तागा ४००० रुपयांचा झाला. दोन्ही काठांची दाट वीण ध्वजाच्या दर्शनी भागात चालत नाही, म्हणून प्रत्येक काठाचे दहा मिलिमीटर कापून टाकायचे. कामाचा पन्हा उरतो ९०० मिलिमीटर. टोके तिरकी झालेली असतात, ती सरळ करताना प्रत्येक बाजूचे दहा सेंटिमीटर जातात. कामाची लांबी उरते १९.८ मीटर.

पट्टे ताग्याच्या लांबीत बेतायचे, कारण आडवे बेतायला ९४० मिलिमीटर पन्हा लागेल आणि तेवढा तो नाही. लांबीत १९.८ मीटरमध्ये ९४० मिलिमीटरचे एकवीस पट्टे बसतात आणि सहा सेंटिमीटर उरतात. इथपर्यंत छान. पन्ह्यात मात्र २३० मिलिमीटरचे तीनच पट्टे बसतात. चौथ्यासाठी एकूण ९२० मिलिमीटर लागले असते आणि हातात आहेत ९००. मूळ पन्हा ९२०च होता, म्हणजे काठ कापले नसते तर चारही बसले असते. वीस मिलिमीटरच्या काठापायी पट्ट्यांची एक अख्खी ओळ गेली आणि २१० मिलिमीटर रुंदीची चिंचोळी पट्टी ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिल्लक राहिली.

एकवीस गुणिले तीन म्हणजे त्रेसष्ट पट्टे. हाताने कातलेल्या आणि विणलेल्या कापडात कुठे सुताची जाड गाठ, कुठे तुटलेला धागा, कुठे रंगाचा डाग असतोच. त्यापायी दोन पट्टे बाद धरले तर एकसष्ट चांगले निघाले. आता तीन किमती शेजारी ठेवून पाहाव्यात. ताग्याच्या पूर्ण क्षेत्रफळाला तयार पट्ट्याच्या क्षेत्रफळाने भागले तर १०२ पट्टे दिसतात आणि एक पट्टा ३९ रुपयांना पडल्यासारखा वाटतो. माया धरून कापलेल्या पट्ट्याच्या क्षेत्रफळाने भागले तर ८५ पट्टे आणि ४७ रुपये. प्रत्यक्षात निघालेल्या एकसष्ट पट्ट्यांनी भागले तर ६५ रुपये ५७ पैसे. कापड तेच, दर तोच, कारागीरही तोच. पहिल्या आकड्यावर भाव ठरवणाऱ्याला प्रत्येक पट्ट्यामागे साडेसव्वीस रुपयांची खोट बसते.

क्षेत्रफळाचा भागाकार फसतो तो इथे. कापड पाण्यासारखे ओतता येत नाही, नग आयताकृती असतात आणि ते पूर्णच बसावे लागतात. म्हणून पन्ह्याचा भागाकार वेगळा करायचा आणि अपूर्णांक सोडून द्यायचा, लांबीचा भागाकार वेगळा करायचा आणि तिथलाही अपूर्णांक सोडून द्यायचा, मग दोन्ही पूर्णांकांचा गुणाकार करायचा. सोडून दिलेला अपूर्णांक किती मोठा आहे, हे पाहण्यासारखे असते. पन्ह्यात ९०० भागिले २३० म्हणजे ३.९१. म्हणजे चौथ्या पट्ट्याच्या अगदी उंबरठ्यावर येऊन तो हुकला आहे. अशा वेळी थोडा बदल केला तर फार मोठा फरक पडतो. हाच आकडा ३.१ आला असता तर काहीही केले तरी चौथा पट्टा बसला नसता आणि त्यामागे वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

बदल दोन ठिकाणी करता येईल. एक, माया कमी करणे. दोन्ही कडांना पंधराऐवजी साडेबारा मिलिमीटर माया धरली तर पट्टा २२५चा होतो आणि ९००च्या पन्ह्यात चार बरोबर बसतात. पट्टे होतात चौऱ्याऐंशी, दोन बाद धरून ब्याऐंशी, आणि किंमत येते ४८ रुपये ७८ पैसे. एका पट्ट्यामागे जवळजवळ सतरा रुपये वाचतात. पण या वाचवण्याला मर्यादा आहे. हातकताईचे सूत एकसारखे नसते आणि कापलेल्या कडेचे धागे लवकर सुटतात. माया जितकी कमी, तितकी शिवण सुटणाऱ्या धाग्यांच्या जवळ. ध्वज वाऱ्यात सतत फटकारला जातो आणि सगळ्यांत जास्त ताण फडकत्या टोकाला येतो. तिथे शिवण उसवू लागली तर दोषाचे मूळ बहुतेक वेळा कमी सोडलेल्या मायेत सापडते. शिवाय २२५च्या चार पट्ट्यांत एक मिलिमीटरचीही मोकळीक उरत नाही. कात्री जरा वाकडी गेली की शेवटचा पट्टा अरुंद निघतो. कागदावर चार बसतात म्हणून कापायला बसावे आणि दर आठ पट्ट्यांमागे एक पट्टा फेकावा लागावा, असे झाले तर फायदा अर्ध्यावर येतो.

दुसरा मार्ग जास्त चांगला आहे : माया तशीच ठेवून पन्हा वाढवणे. बाजारातून कापड घेणाऱ्याला मिळेल तो पन्हा चालवून घ्यावा लागतो. ज्याचे कापड स्वतःच्याच केंद्रात विणले जाते त्याला मात्र मागावरच पन्हा सांगता येतो. पट्ट्यांचे ९२० आणि काठांचे २० मिळून ९४० मिलिमीटर पन्हा लागेल. म्हणजे रुंदीत फक्त वीस मिलिमीटर वाढ, जेमतेम सव्वादोन टक्के. कापडाची किंमत त्याच प्रमाणात वाढली तर तागा ४०८७ रुपयांना पडेल. त्यातून चौऱ्याऐंशी पट्टे निघतील, दोन बाद धरून ब्याऐंशी, आणि पट्टा ४९ रुपये ८४ पैशांना पडेल. शिवण धोक्यात न घालता सोळा रुपयांची बचत झाली. अट एवढीच, की ९४०चा हा आकडा धुणे-रंगवणे झाल्यानंतरचा असला पाहिजे. कोरे कापड प्रक्रियेत रुंदीतही आटते आणि लांबीतही. मागावरचा पन्हा आटण्याचा हिशेब धरून त्याहून मोठा ठेवावा लागतो, आणि फणीची रुंदी तेवढी नसेल तर हा मार्ग बंद होतो.

आटण्याच्या हिशेबात एक चूक वारंवार होते. चार टक्के आटते म्हणून २० मीटरला चार टक्के जोडून २०.८ मीटर कोरे कापड घेतले जाते. पण आटते ते घेतलेल्या कापडाच्या चार टक्के. २०.८चे चार टक्के गेले की १९.९७ उरतात, वीस नाही. बरोबर आकडा २० भागिले ०.९६, म्हणजे २०.८३ मीटर. इथे फरक तीन सेंटिमीटरचा आहे, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. नासाडी मोठी असली की हीच चूक महागात जाते. वरच्या उदाहरणात ताग्यातला ७१.७ टक्के भागच चांगल्या पट्ट्यांत गेला, २८.३ टक्के वाया गेला. मायेसह ४७ रुपयांच्या पट्ट्यावर २८.३ टक्के चढवले तर ६० रुपये ३० पैसे होतात. खरी किंमत ६५ रुपये ५७ पैसे आहे आणि ती ४७ला ०.७१७ने भागल्यावर मिळते. ध्वजाला तीन पट्टे लागतात, तेव्हा एका ध्वजामागे जवळजवळ सोळा रुपये अंगावर पडतात आणि ते का पडले हे शेवटपर्यंत कळत नाही.

पन्हा बदलता येत नसेल आणि मायाही कमी करायची नसेल, तर उरलेल्या २१० मिलिमीटरच्या पट्टीचे काय करायचे, हा प्रश्न राहतो. पहिला विचार मनात येतो तो लहान ध्वजांचा. ४५० × ३०० मापाच्या ध्वजाचा पट्टा मायेसह १३० मिलिमीटर रुंद होतो आणि २२५ × १५० मापाचा ८० मिलिमीटर. दोन्ही मिळून २१० भरतात, म्हणजे तागा काठोकाठ वापरला गेला. पण ही जुळणी मागणीपुढे टिकत नाही. ध्वजसंहितेप्रमाणे ४५० × ३०० मिलिमीटरचे माप अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विमानांसाठी आणि २२५ × १५०चे मोटारींसाठी आहे, आणि मोटारीवर ध्वज लावण्याचा अधिकार मोजक्याच पदांना आहे. एका ताग्यातून या मापांचे चाळीस आणि चौऱ्याहत्तर पट्टे निघतील आणि त्यांतले बहुतेक कपाटात पडून राहतील. विकला न जाणारा नग हिशेबात कातरणासारखाच धरावा लागतो. फरक इतकाच, की कातरण लगेच नजरेस पडते आणि हा माल वर्षअखेरीस साठा मोजताना.

खरा उपयोगी मार्ग म्हणजे ज्या दोन मापांना मागणी आहे ती एकाच ताग्यात एकत्र बेतणे. १८०० × १२०० मिलिमीटरच्या, म्हणजे सहा फूट बाय चार फुटांच्या ध्वजाचा पट्टा मायेसह ४३० मिलिमीटर रुंद आणि १८४० लांब धरू. ९००च्या पन्ह्यात तो एकटा बेतला तर दोन ओळी बसतात, लांबीत दहा-दहा पट्टे निघतात, एकूण वीस, आणि एक पट्टा २०० रुपयांना पडतो. आता या मोठ्या पट्ट्याची एक ओळ आणि लहान पट्ट्याच्या दोन ओळी शेजारी ठेवल्या तर ४३० + २३० + २३० म्हणजे ८९० मिलिमीटर होतात. पन्हा जवळजवळ पूर्ण भरला आणि कात्रीला दहा मिलिमीटरची मोकळीकही राहिली. एका ताग्यातून मोठे दहा आणि लहान बेचाळीस पट्टे निघतात. मोठ्या ओळीच्या शेवटी १.४ मीटरचा तुकडा उरतो, त्यातून आणखी एक लहान पट्टा निघतो, म्हणजे त्रेचाळीस.

फायदा किती झाला हे पाहायची खात्रीची रीत अशी : हेच नग वेगवेगळे बेतले असते तर किती तागे लागले असते? त्रेचाळीस लहान पट्ट्यांना ताग्याचा ४३/६३ भाग लागला असता आणि दहा मोठ्यांना अर्धा तागा. दोन्ही मिळून साधारण १.१८ तागे, म्हणजे ४७३० रुपयांचे कापड. एकत्र बेतल्यावर ते ४००० रुपयांत झाले. हे ७३० रुपये लहान पट्ट्याच्या खात्यात जमा करायचे की मोठ्याच्या, हा वाटणीचा प्रश्न आहे. क्षेत्रफळाप्रमाणे वाटले तर लहान पट्टा ५० रुपये २५ पैशांना आणि मोठा १८४ रुपयांना पडतो, म्हणजे दोघांनाही लाभ होतो. वाटणी वेगळ्या रीतीने केली तर हे दोन आकडे बदलतील, बेरीज मात्र ४०००च राहील. पण दोन्ही मापांची मागणी साधारण या प्रमाणात असेल तरच ही बचत हाती लागते. लहान ध्वज हवे आहेत चारशे आणि मोठे पाचच, अशा वेळी सगळे तागे एकत्र बेतले तर मोठ्या पट्ट्यांचा ढीग होईल. तेव्हा प्रत्येक रंगाचा एकच तागा मिश्र बेतायचा, बाकीचे साधे.

इथवर एका पट्ट्याची किंमत झाली. ध्वज तीन पट्ट्यांचा असतो आणि त्यातून एक नवी गोष्ट निर्माण होते : तीन रंगांपैकी ज्या रंगाचे पट्टे सर्वांत कमी, तितकेच ध्वज. ही कमतरता बहुधा पांढऱ्यात येते, कारण पांढऱ्यावर चक्राचे जास्तीचे काम आहे. ९०० × ६०० मापाच्या ध्वजावर चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर ठरलेला आहे आणि पट्टा तयार होतो २०० मिलिमीटरचा. म्हणजे चक्राच्या वर आणि खाली प्रत्येकी साडेसात मिलिमीटरच पांढरे उरते, पेन्सिलच्या जाडीएवढे. चक्र तीन मिलिमीटर वर सरकले की एका बाजूला साडेचार आणि दुसऱ्या बाजूला साडेदहा मिलिमीटर दिसते, आणि ते कोणाच्याही डोळ्यांना खटकते. दुसऱ्या बाजूचा छापा पहिल्याशी तंतोतंत जुळला नाही तर उजेडात धरल्यावर आरे दुहेरी दिसतात. तपासणीही तशीच करावी : पट्टा खिडकीसमोर धरायचा, वरचे आणि खालचे पांढरे अंतर पट्टीने मोजायचे.

एकसष्ट पांढऱ्या पट्ट्यांवर चक्र छापायला प्रत्येकी २५ रुपये खर्च आला आणि तीन पट्टे बाद झाले असे धरू. खर्च एकसष्टांचाच झाला. कापडाचे ४००० आणि छपाईचे १५२५ मिळून ५५२५ रुपये, आणि चांगले पट्टे अठ्ठावन्न. म्हणून चक्रासह पांढरा पट्टा ९५ रुपये २६ पैशांना पडतो. ६५.५७ आणि २५ यांची नुसती बेरीज केली तर ९०.५७ येतात. वरचे पावणेपाच रुपये बाद पट्ट्यांचे. केशरी आणि हिरव्याचे तीन-तीन पट्टे उरतात. ते वाया गेले असे लगेच म्हणता येत नाही, पुढच्या खेपेला चालतील. पण पुढचा तागा दुसऱ्या रंगघाणीतला असेल आणि छटा वेगळी दिसत असेल तर एकाच खेपेच्या ध्वजांत ते उठून दिसतात. म्हणून उरलेल्या पट्ट्यांवर तागा क्रमांक लिहून ठेवावा लागतो. नंतर नुसत्या आठवणीवर छटा जुळत नाही.

तीन पट्टे मिळून एका ध्वजाचे साहित्य २२६ रुपये ४० पैशांचे झाले. शिलाई, दोरा, दोरीच्या बाजूची जाड कापडी पट्टी आणि दोरी यांचे मिळून ४० रुपये धरले तर शिवलेला ध्वज २६६ रुपये ४० पैशांचा. अठ्ठावन्न ध्वज शिवले, त्यांतले दोन माप चुकल्याने किंवा शिवण ओढली गेल्याने बाद झाले. छप्पन्न ध्वजांवर १५,४५१ रुपयांचा खर्च पडतो, म्हणजे ध्वजामागे २७६ रुपये. साध्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने हाच ध्वज १८३ रुपयांत होताना दिसला असता.

बाद होणारा नग कोणत्या टप्प्यावर बाद होतो, याला किमतीत फार महत्त्व आहे. कापतानाच गाठ दिसली आणि पट्टा बाजूला काढला तर नुकसान ६५ रुपयांचे. तोच पट्टा छपाईनंतर बाद झाला तर ९० रुपयांचे. गाठ शिवलेल्या ध्वजात सापडली तर सगळे २६६ रुपये गेले, कारण ध्वजात दुय्यम माल अशी गोष्टच नसते. कपड्यांच्या धंद्यात थोडा दोष असलेला नग कमी भावात निघून जातो. सदोष ध्वज मात्र ध्वज म्हणून विकता येत नाही, आणि खराब झालेल्या ध्वजाची विल्हेवाट खासगीत आणि सन्मानपूर्वक लावावी, असे ध्वजसंहिता सांगते. शिवण उसवून चांगले पट्टे परत मिळवता येतात, पण उसवायला शिवण्याइतकाच वेळ लागतो आणि सुईच्या छिद्रांची रांग मागे राहते. म्हणून ताग्याची तपासणी कापणीच्या आधी, तागा उजेडासमोरून उलगडत नेऊन करणे हे सर्वांत स्वस्त काम आहे. दोषाच्या जागी काठावर रंगीत दोऱ्याचा टाका घातला की बेतणाऱ्याला तो दोष ओळींच्या मधल्या उरलेल्या पट्टीत किंवा मायेत ढकलता येतो. तीनऐवजी चार ओळी बसवलेल्या ताग्यात अशी मोकळी जागा नसते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. घट्ट बेतलेल्या कापडात दोषांपायी बाद होणारे पट्टे वाढतात.

मागणी आल्यावर हाच हिशेब उलट्या दिशेने करायचा. शंभर ध्वज द्यायचे आहेत. शिलाईत अठ्ठावन्नांतले छप्पन्न टिकतात, म्हणून शिवायला १०४ हवेत. छपाईत एकसष्टांतले अठ्ठावन्न टिकतात, म्हणून पांढरे पट्टे ११० हवेत. ताग्यातून एकसष्ट चांगले निघतात, तेव्हा पांढऱ्याचे १.८ तागे आणि बाकी दोन रंगांचे प्रत्येकी १.७. तागा अर्धा मिळत नसेल तर तिन्ही रंगांचे दोन-दोन तागे घ्यावे लागतील. उरलेले कापड पुढे नक्की वापरले जाणार असेल तरच ते या मागणीच्या खर्चातून वजा करायचे. २०२१च्या डिसेंबरअखेर ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार झालेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. तेव्हापासून खादीच्या ध्वजाला स्वस्त कापडाच्या ध्वजाशी भावात तोंड द्यावे लागते, आणि चुकीच्या भागाकाराने सांगितलेला भाव आता जास्त जाचतो.

हिशेब आणि प्रत्यक्ष काम जुळते का हे पाहायला तराजू पुरतो. कापणीआधी तागा तोलायचा, कापणीनंतर चांगले पट्टे आणि कातरण वेगळे तोलायचे. तागा ३.७ किलोचा असेल तर वरच्या बेताप्रमाणे बाद पट्ट्यांसह कातरण सुमारे १ किलो ५० ग्रॅम भरले पाहिजे. कातरण सव्वा किलो भरले तर पट्टे कमी निघाले किंवा टोके जास्त कापली गेली. पट्टे पूर्ण एकसष्ट आणि कातरण मात्र आठशे ग्रॅमच भरले, तर पट्टे मायेहून मोठे कापले गेले आहेत किंवा कातरण कुठेतरी सांडले आहे. दहा पट्टे वेगळे तोलले की यातले कोणते ते कळते. बेरीज ताग्याच्या वजनाशी जुळली पण नेहमीपेक्षा तागाच हलका निघाला, तर लांबी मोजून घ्यायची. सुती कापड हवेतला ओलावा घेते, म्हणून दोन्ही वजने एकाच दिवशी करावीत. पावसाळ्यात तोललेला तागा आणि उन्हाळ्यात तोललेले पट्टे यांची तुलना होत नाही.

कातरण विकून येणाऱ्या पैशावर मात्र फार विसंबू नये. सुती चिंध्या हातकागदासाठी उपयोगी पडतात आणि पांढऱ्या चिंध्यांना रंगीत चिंध्यांपेक्षा अधिक मागणी असते. तरी किलोला वीस रुपये मिळाले असे धरले तर एका ताग्यामागे वीसएक रुपये येतात, पट्ट्यामागे तेहतीस-चौतीस पैसे. पन्ह्यात चौथी ओळ बसवल्याने पट्ट्यामागे सोळा रुपये वाचले होते.

कापडाऐवजी प्लायवुड, काच किंवा पत्रा कापायचा असेल तर हाच हिशेब लागू होतो, फक्त दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे करवतीची वाट. कात्री कापड खात नाही, करवतीचे पाते प्रत्येक कापाला तीनेक मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. आठ बाय चार फुटांचे प्लाय २४४० × १२२० मिलिमीटरचे असते. त्याच्या लांबीत ४०५ मिलिमीटरच्या सहा फळ्या २४३० मिलिमीटरमध्ये बसताना दिसतात, पण मधल्या पाच कापांचे पंधरा मिलिमीटर जोडले की २४४५ होतात आणि सहावी फळी हुकते. माप ४०४चे चालत असेल तर २४२४ आणि १५ मिळून २४३९ होतात आणि सहाही निघतात, मात्र प्लायच्या कडा आधीच सरळ असल्या पाहिजेत. दुसरी गोष्ट दिशेची. पत्र्याचा किंवा काचेचा नग आडवा फिरवून बसवता येतो, म्हणून दोन्ही दिशांनी मोजून जास्त नग निघतील ती दिशा घ्यावी. रेषा असलेल्या प्लायला आणि उभ्या-आडव्या धाग्यांच्या कापडाला ती मोकळीक नसते. आडवा कापलेला ध्वजाचा पट्टा उभ्या पट्ट्याला जोडला तर दोन्ही वेगवेगळे आटतात, आणि पहिल्याच पावसानंतर जोडावर चुण्या पडतात.